सहकाऱ्याचे वडील गेले, दोन ओळी काय लिहू?

अनुस्वार | १७ तारीख, सकाळी ९.४०

नमस्कार मंडळी. थोडी घाईत लिहितेय. आमच्या ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी आहेत, सगळे त्यांना दादाच म्हणतात, इथेही तेवढंच लिहिते. काल रात्री त्यांचे वडील गेले. दादा मध्यरात्रीच गाडी काढून तासगावकडे निघाले. आमचं अकाउंट्स खातं म्हणजे दादा आणि मी, एवढंच. सहा वर्षं शेजारच्या टेबलावर बसतोय.

ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळपासून हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली आहे. मीही तिथे हात जोडले. पण तेवढ्यावर मन भागत नाही, त्यांना वेगळं काहीतरी लिहायचं आहे. हे लिहून ठेवलंय आणि पाठवायला हात धजत नाहीये:

"आपल्या वडिलांच्या निधनाची बातमी ऐकून अतीव दुःख झाले. ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो आणि आपल्या कुटुंबास हे दुःख पेलण्याची शक्ती देवो. भावपूर्ण श्रद्धांजली."

यात चूक काही दिसत नाही. पण हे मी लिहिलंय असंही वाटत नाही. काय करू?

बाभूळबन | सकाळी ९.५२

श्रद्धांजली हा शब्द आधी काढा. तो चूक आहे. श्रद्धांजली गेलेल्या माणसाला वाहतात, तुम्ही लिहिताय मुलाला. आणि "दुःखद निधन" तर अजिबात नको, निधन सुखद असतं का कधी?

शीतलछाया | सकाळी १०.०५

अनुस्वार, मागच्या वर्षी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचे वडील गेले तेव्हा फलक करायचा होता. फोटो डावीकडे, नाव मोठ्या अक्षरात, खाली "शोकाकुल" आणि सगळ्या सभासदांची नावं असं केलं. हवं असेल तर नमुना पाठवते.

अनुस्वार | सकाळी १०.०९

शीतलताई, आभार, पण फलक नकोय. त्यांच्या एकट्याच्या फोनवर जाणारा छोटा निरोप हवाय.

खिळाजुळणी | सकाळी १०.३१

मी बत्तीस वर्षं एका दैनिकाच्या जाहिरात खिडकीवर होतो. निधनवार्ता आणि पुण्यस्मरणाचे मजकूर घ्यायचं काम माझ्याकडे असायचं. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

बाभूळबन म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. श्रद्धांजली गेलेल्याला वाहायची, हे खरं. म्हणून ती ग्रुपवर, फलकावर, पेपरात शोभते, कारण तिथे चार लोकांच्या देखत आपण गेलेल्या माणसाला नमस्कार करत असतो. शब्द चुकीचा नाही, त्याची जागा वेगळी आहे. मुलाच्या फोनवर जे जातं ते सांत्वन. अनुस्वार, तुमच्या मजकुरात पहिलं वाक्य बातमीबद्दल आहे, दुसरं देवाला उद्देशून आहे आणि तिसरं गेलेल्या माणसासाठी. दादांशी बोललेलं एकही वाक्य त्यात नाही. हात धजत नाही तो यामुळे.

"दुःखद निधन" मात्र राहू द्या ज्याचं त्याला. खिडकीशी आलेला माणूस रात्रभर जागा असायचा, कधी कधी ओल्या कपड्यांनी आलेला असायचा. त्याला मी कधी व्याकरण सांगितलं नाही.

आणखी एक. "निधन" हा छापायचा शब्द आहे. तोंडाने आपण "गेले" म्हणतो. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला तुम्ही समोर बसून "निधनाची बातमी ऐकून" असं म्हणाल का? "आप्पा गेल्याचं कळलं", "बाबा गेल्याचं कळलं", असंच म्हणाल. तसंच लिहा. त्यांच्या घरी वडिलांना काय म्हणायचे, ते माहीत आहे का?

अनुस्वार | सकाळी १०.४४

आप्पा. रोज दुपारी दीडला फोन यायचा. दादा डबा उघडता उघडता "बोला आप्पा" म्हणायचे. मी आप्पांना कधी भेटले नाही, पण तो आवाज रोज ऐकला आहे.

खिळाजुळणी | सकाळी १०.५०

मग "आपल्या वडिलांच्या" कशाला? "आप्पा" लिहा. माहीत नसतं तर "वडील" चाललं असतं. पण माहीत असताना न लिहिणं म्हणजे दोन पावलं मागे सरकून उभं राहणं.

नर्मदाकाठ | सकाळी ११.१५

मला बाबा जाऊन दीड वर्ष झालं. माझा अनुभव सांगते, पटलं तर घ्या.

वैकुंठ स्मशानभूमीत आम्ही नंबरची वाट बघत बसलो होतो. बाहेरच्या कट्ट्यावर बसून मी फोन बघत होते, दुसरं काही सुचतच नव्हतं. उघडत नव्हते, नुसत्या पडद्यावर येणाऱ्या ओळी वाचत होते. बंद फोनवर निरोपाची पहिली दीड ओळच दिसते. बहुतेकांची पहिली ओळ होती "आत्ताच समजलं, विश्वास बसत नाही, अचानक काय झालं". दुसरी तऱ्हा "वय काय होतं?". प्रत्येक प्रश्नचिन्हाला उत्तर द्यायला हवं असं वाटायचं. मी सत्तावीस जणांना "हार्ट अटॅक, ७१" असं लिहिलं. तिथे बसून. आज आठवलं की अंगावर काटा येतो.

ज्यांचे निरोप अजून ठेवलेत त्यांत प्रश्न नव्हता. एकीने लिहिलं होतं, "उत्तर देऊ नकोस. नुसतं वाच." त्या वाक्याने मला जे बरं वाटलं ते कशानेच वाटलं नाही.

म्हणून पहिल्या ओळीतच आप्पांचं नाव येऊ द्या. कुठेही प्रश्न नको. आणि "खंबीर राहा", "आता आईला तुम्हीच सांभाळायचं" हे तर नकोच. त्या दिवशी ते ऐकायची ताकद नसते.

बाभूळबन | सकाळी ११.२८

नर्मदाकाठ, वाचून गलबलून आलं. माझ्याकडूनही "कसं झालं" असे कितीतरी निरोप गेलेत. शब्दांच्या चुका काढत बसलो, हे कधी लक्षातच आलं नाही.

गोदातीर | सकाळी ११.४०

थोडं विषयांतर होतंय, पण माझा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. सोलापूरला आमच्या शाखेत एक मुस्लिम सहकारी आहेत, त्यांचे वडील मागच्या आठवड्यात गेले. मी "ईश्वर मृतात्म्यास सद्गती देवो" असं लिहिलं. नंतर वाटलं, चुकलंच. आता काय करावं?

शबनमी | दुपारी १२.२०

गोदातीर, मी मुसलमान आहे, घरात मराठी आणि दखनी दोन्ही चालतात. तुमचा निरोप वाचून कुणाला राग आला नसेल, भावना कळते. पण सद्गती, मृतात्मा हे शब्द आमच्याकडे बसत नाहीत. "अल्लाह त्यांची मगफिरत करो", म्हणजे त्यांना क्षमा करो, असं मराठीतही लिहितात. ते तोंडात बसत नसेल तर नुसतं "अब्बा गेल्याचं कळलं, फार वाईट वाटलं" पुरेसं आहे. अरबी वाक्य कुठून तरी उचलून चिकटवायची गरज नाही. माझे अब्बा गेले तेव्हा एका मैत्रिणीने ते पाठवलं होतं, अर्धं तुटलेलं. तिची माया कळली, पण तिने तिच्या भाषेत लिहिलं असतं तर मला ती जास्त जवळची वाटली असती.

आणि वेळेचं बघा. आमच्यात दफन शक्यतो त्याच दिवशी उरकतात. "मी संध्याकाळी येतो" असा निरोप पोहोचेपर्यंत सगळे कब्रस्तानातून परतलेले असतात. भेटायला पुढचे दिवस आहेतच, बरेच लोक तिसऱ्या दिवशी जियारतला येतात. तुम्ही आता पुन्हा निरोप पाठवू नका, घरी जाऊन या.

खिळाजुळणी | दुपारी १२.४५

शबनमी यांनी नेमकं सांगितलं. खिडकीवर हे रोज असायचं. कैलासवासी म्हणजे कै. हे सगळ्यांना चालतं असं नव्या माणसाला वाटतं, आणि तिथेच तो फसतो. वारकरी घरातला माणूस "वै." लिहा म्हणून अडून बसायचा, वैकुंठवासी. लिंगायत घरातून "लिंगैक्य" यायचं. मुसलमान घरातून "पैगंबरवासी", ख्रिस्ती घरातून "ख्रिस्तवासी". बौद्ध घरातल्या मजकुरात आत्मा नसायचा, कार्यक्रमाला "पुण्यानुमोदन" म्हणायचे. एकदा आमच्या नव्या मुलाने अशा मजकुरात आपल्या मनाने "आत्म्यास शांती लाभो" घातलं. दुसऱ्या दिवशी त्या घरातला मुलगा आला. ओरडला नाही. कात्रण खिडकीत ठेवून म्हणाला, "बाबांनी आयुष्यभर जे मानलं नाही ते तुम्ही त्यांच्या नावाखाली छापलंत." तो चेहरा मी विसरलेलो नाही.

घरातलं माहीत नसेल तर आत्मा, ईश्वर, स्वर्ग यांतलं काही न लिहिताही निरोप पुरा होतो.

अनुस्वार | दुपारी १.१०

दादांच्या घरी माळ आहे, आप्पा वारी करायचे. त्यामुळे देवाचं नाव चालेल असं वाटतं. पण वर तुम्ही सगळ्यांनी लिहिलंय त्यावरून आता ते घालावंसं वाटत नाही.

अजून एक अडचण आहे, आणि खरं तर तीच मोठी आहे. २० तारखेला जीएसटीचं थ्री-बी भरायचं आहे. आमची भागीदारी फर्म आहे, त्यामुळे रिटर्न ओटीपीवर जातं, आणि नोंदलेला मोबाइल दादांचा आहे. मालक सकाळीच म्हणाले, "त्याला विचारून घे, २० ला फोन चालू ठेव म्हणावं." हे त्याच निरोपात लिहू का वेगळं?

बाभूळबन | दुपारी १.१४

अजिबात नको. त्या दिवशी ऑफिस हा शब्दसुद्धा नको.

रोजमेळ | दुपारी १.३५

मी कर सल्लागारांच्या ऑफिसात काम करतो. फोन करायची गरजच नाही बहुतेक. ओटीपी नोंदलेल्या मोबाइलवर जातो तसा नोंदलेल्या ईमेलवरही जातो. पोर्टलवर कुठला ईमेल आहे ते बघा. लहान फर्ममध्ये बऱ्याचदा मोबाइल अकाउंटंटचा आणि ईमेल फर्मचा असतो. फर्मचा असेल तर तो कुणी उघडू शकतं का, एवढंच बघायचं.

आणि अगदी काही जमलं नाही तर उशिराचं शुल्क दिवसाला ५० रुपये. भरायच्या करावर व्याज वर्षाला १८ टक्के, म्हणजे दोन दिवसांचं जे होईल ते. मालकांना हा हिशेब करून दाखवा. त्यासाठी चितेजवळून ओटीपी मागवणार का, ते त्यांना ठरवू द्या.

अनुस्वार | दुपारी २.२५

ईमेल फर्मचाच निघाला! पासवर्ड मालकांकडे आहे. मी आत्ता त्यांच्यासमोर उघडून बघितला, मागच्या महिन्याचा ओटीपी तिथे पडलेला दिसला. मालकही जरा ओशाळले. म्हणाले, "त्याला काही सांगू नको, आपण भरू."

नर्मदाकाठ | दुपारी २.४०

सांगा! बाभूळबन यांच्याशी इथे माझं जमत नाही. ऑफिसचं काम मागणं वेगळं आणि काम सुटल्याचं कळवणं वेगळं. दादा अकाउंट्सचा माणूस आहे. १७ तारीख आहे, त्यांना २० तारीख आठवणारच. रात्री झोप नसताना हटकून असलंच काहीतरी आठवतं. मला बाबांच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारला बँकेच्या एका फाइलची आठवण आली आणि मी उठून बसले. कुणी एका वाक्यात "फाइल गेली" असं सांगितलं असतं तर पडून राहिले असते.

फक्त खोटं लिहू नका. "ऑफिसची काळजी करू नका" असं सगळेच लिहितात, त्याचा अर्थ शून्य. काय झालंय ते नेमकं लिहा.

बाभूळबन | दुपारी २.५२

मला अजून पटत नाही. त्या दिवशी तरी माणसाला मुलगा राहू द्या, अकाउंटंट नको. लिहायचंच तर दोन दिवसांनी, वेगळं.

खिळाजुळणी | दुपारी ३.१०

यात दोघांचंही खरं आहे. दादांचा स्वभाव अनुस्वारला माहीत, आपल्याला नाही. एक विचारतो, आप्पांची काही आठवण आहे का? दुरून का होईना. तुम्ही त्यांना पाहिलं नाही, त्यामुळे "फार प्रेमळ होते" वगैरे लिहू नका. जे तुमच्यापर्यंत पोहोचलं तेवढंच लिहा.

अनुस्वार | दुपारी ३.३०

बेदाणे. दर उन्हाळ्यात दादा गावाहून येताना आप्पांच्या बागेतले बेदाणे आणायचे. प्रत्येकाला वेगळी पुडी. पुडी जुन्या वर्तमानपत्राची आणि वर सुतळी, इतकी घट्ट बांधलेली की कात्री लागायची. दादा म्हणायचे, आप्पांनी स्वतः मोजून दिल्यात. मी नवी लागले त्या वर्षीसुद्धा माझ्या नावाची पुडी होती. पण असल्या वेळी खाण्याची गोष्ट लिहायची का?

शबनमी | दुपारी ३.३८

लिहाच. दुसरं काही नाही लिहिलंत तरी चालेल.

शीतलछाया | दुपारी ३.५५

सकाळी मी फलकाचं सांगत बसले, माफ करा. आता सगळं वाचलं. बेदाण्यांचं नक्की लिहा. पण "आता बेदाणे कोण पाठवणार" असं काही नको हं, आमच्याकडे एका बाईंनी असं लिहिलं होतं आणि घरचे फार रडले.

अनुस्वार | दुपारी ४.२०

हे लिहिलंय. बघा.

"दादा, आप्पा गेल्याचं सकाळी कळलं. फार वाईट वाटलं. मी त्यांना भेटले नाही, पण दुपारी दीडचा फोन आणि सुतळीने बांधलेली बेदाण्यांची पुडी, यातून ते मला माहीत होते. मी नवी होते तेव्हाही त्यांनी माझ्या नावाची पुडी पाठवली होती, ते मी विसरलेले नाही. २० तारखेचं मी आणि साहेब भरतोय, ओटीपी ईमेलवर मिळतो. या निरोपाला उत्तर देऊ नका."

खिळाजुळणी | दुपारी ४.३१

एकच सुचवतो. "फार वाईट वाटलं" या वाक्याला हात लावू नका. ते साधं आहे म्हणून काढावंसं वाटेल, काढू नका. बाकी पाठवा.

रोजमेळ | दुपारी ४.३४

"ओटीपी ईमेलवर मिळतो" हे राहू द्या. अकाउंट्सच्या माणसाला तेवढं वाचल्याशिवाय विश्वास बसणार नाही.

बाभूळबन | दुपारी ४.४०

मी असतो तर शेवटून दुसरं वाक्य उद्या पाठवलं असतं. पण बाकीचं वाचून माझेही डोळे भरले. पाठवा.

गोदातीर | दुपारी ५.०५

मी उद्या सोलापूरला जातोय. शबनमी, एक विचारतो, भेटायला जाताना हातात काही न्यावं का? आमच्याकडे सांत्वनाला रिकाम्या हाताने जातात आणि निघताना "येतो" म्हणत नाहीत.

शबनमी | दुपारी ५.२०

"येतो" बद्दल आमच्याकडे असं काही मानत नाहीत, निदान आमच्या घरी नाही. हातात काही नको. गावोगाव वेगळं असतं, त्यामुळे त्यांच्या शेजाऱ्यांना आधी विचारून घ्या. बसा, आणि ते अब्बांबद्दल बोलायला लागले तर बोलू द्या.

अनुस्वार | १९ तारीख, रात्री ९.१५

परवा साडेपाचला निरोप पाठवला. निळ्या खुणा रात्री दोनला आल्या. उत्तर आलं नाही, आणि मी वाटही बघत नव्हते.

आज रक्षाविसर्जन होतं. साहेब आणि आम्ही तिघं पहाटे निघून गेलो होतो. नदीवर गर्दी होती, दादांशी बोलणं झालं नाही, त्यांनी लांबून मान हलवली. नंतर घरी ओसरीवर बसलो. आत बायकांत दादांची आई होती. तिच्याशी काय बोलावं ते मला सुचलं नाही, नुसती शेजारी बसून राहिले.

परत येताना गाडीत असताना दादांचा निरोप आला. एकच ओळ.

"सुतळी आई बांधायची."

नर्मदाकाठ | रात्री ९.४०

अनुस्वार, तेराव्याला जाणार असाल तर आईंशी त्याबद्दलच बोला.